पासबुकातली रमी

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने फेब्रुवारी 2025 मध्ये 10 क्विंटल तूर विकली आणि आलेले 72,000 रुपये बँकेत ठेवले. मुलगी दहावीला होती. निकाल लागला की तिला लातुरात ‘नीट’च्या शिकवणीला घालायचे, त्या फीसाठी ही रक्कम होती. जूनमध्ये पैसे काढायला तो काउंटरवर गेला, तेव्हा रोखपालाने पडद्याकडे पाहून सांगितले, “काका, खात्यावर अडीच हजारच आहेत.” कथा प्रातिनिधिक आहे, पण रमीच्या ॲपवर घरातला पैसा कसा जातो, तो कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, हे तिच्यातून टप्प्याटप्प्याने समजते.

बापाला तीन महिने काहीच कळले नाही, याचे कारण साधे होते. खाते उघडताना अर्जावर मोबाइल नंबर थोरल्या मुलाचा दिला होता, कारण बापाचा फोन सारखा बंद असे. यूपीआय सुरू करायला खात्याशी जोडलेला नंबर आणि डेबिट कार्डाचा तपशील पुरतो. नंबर मुलाचाच होता आणि कार्ड घरच्या कपाटात होते. पैसे कापल्याचे मेसेजही त्याच फोनवर येत. खाते बापाचे, पण ते उघडायची किल्ली मुलाच्या हातात, अशी ही रचना होती.

बँकेतल्या यंत्रावर पासबुक छापून घेतले तेव्हा पाने भरून नोंदी निघाल्या. त्यात ‘रमी’ हा शब्द कुठेही नव्हता. `UPI/DR` या अक्षरांपुढे पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे त्रोटक नाव होते. अशी नोंद किराणा किंवा रिचार्जची वाटू शकते. खूण पटते ती नावापेक्षा रकमांवरून. 200, 500, 1,000, 2,000 अशा गोल रकमा एकाच नावाला एका दिवसात चार-पाच वेळा गेलेल्या असतात. पासबुकात फक्त तारीख येते, वेळ यूपीआय ॲपच्या इतिहासात सापडते. मुलाच्या फोनमधल्या बहुतेक नोंदी रात्री अकरा ते दोनच्या दरम्यानच्या होत्या.

खर्चाच्या नोंदींमध्ये अधूनमधून जमेच्याही नोंदी होत्या. बापाला आधी वाटले, मुलाने कुणाला उसने दिलेले पैसे परत येत असावेत. प्रत्यक्षात ती जिंकलेली रक्कम होती. मार्चमध्ये ॲपवर 11,400 रुपये गेले आणि 9,900 परत आले. एप्रिलमध्ये 31,000 गेले, 12,000 आले. मेमध्ये 54,000 गेले आणि 5,000 आले. एकूण 96,400 गेले, 26,900 परतले आणि 69,500 बुडाले. पहिल्या महिन्यात तोटा फक्त दीड हजारांचा होता, आणि मुलगा अडकला तो याच महिन्यात. डाव आपल्याला जमतो, असा त्याचा समज तेव्हा झाला.

हा समज कसा फसवतो, ते डावाच्या हिशोबात दिसते. पॉइंट रमीत तेरा पाने वाटतात. शो करणारा जिंकतो आणि हरणाऱ्याच्या हातातल्या न जुळलेल्या पानांचे गुण मोजतात. राजा, राणी, गुलाम आणि एक्का यांचे प्रत्येकी दहा. प्युअर सिक्वेन्स लागलीच नसेल तर सगळी पाने मोजली जातात, पण कमाल 80 गुणांपर्यंत. प्रत्येक गुणाची किंमत आधी ठरलेली असते. एक रुपयाच्या टेबलावर पूर्ण हार 80 रुपयांची, तर वीस रुपयांच्या टेबलावर 1,600 रुपयांची. मुलाने मार्चमध्ये एक रुपयावर सुरुवात केली आणि मेमध्ये तो वीस रुपयांच्या टेबलावर बसत होता. पत्ते आणि नियम तेच राहिले, हार मात्र वीसपट झाली.

त्यात कंपनीचे कमिशन असते. समजा, ते दहा टक्के आहे आणि अगदी सारख्या ताकदीचे दोघे वीस रुपयांच्या टेबलावर खेळत आहेत. एक जण 40 गुणांनी हरला तर त्याचे 800 रुपये जातात, जिंकणाऱ्याला 720 मिळतात आणि 80 रुपये कंपनीकडे राहतात. असे शंभर डाव झाले आणि दोघांनी पन्नास-पन्नास जिंकले, तर बरोबरी व्हायला हवी. प्रत्यक्षात दोघांचे मिळून 8,000 रुपये, म्हणजे प्रत्येकी 4,000 कमी झालेले असतात. घरी चटईवर बसून खेळलेल्या रमीत एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो. ॲपवर प्रत्येक डावात थोडा पैसा टेबलावरून कायमचा उठतो. फोनवरचा डाव काही मिनिटांत संपतो, त्यामुळे शंभर डाव दोन-तीन रात्रींत होतात.

हरल्यावर उठणे जड जाते, यालाही रमीचा स्वभाव कारणीभूत आहे. हरलेल्याचा हात बहुधा जवळपास जुळलेला असतो. एकच पान यायचे राहिले, जोकर एक फेरी आधी आला असता तर शो आपलाच होता, असे त्याला वाटते. मग गेलेले भरून काढण्यासाठी तो मोठ्या किमतीच्या टेबलावर जातो. मेमधले 54,000 रुपये याच वाटेने गेले.

रमीला कायद्याचा आधार आहे, असे मुलाचे म्हणणे होते. ते अर्धवट खरे होते. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये, सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात, तेरा पत्त्यांची रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवली. पाने लक्षात ठेवणे, काय धरायचे आणि काय टाकायचे हे ठरवणे याला बुद्धी लागते, हा त्यामागचा विचार होता. त्याच निकालात असेही म्हटले होते की, पैज लावलेल्या डावातून जागेचा किंवा क्लबचा मालक स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. हा भाग फारसा सांगितला जात नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा भेद न ठेवता पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

गेलेला पैसा परत मिळण्याची वाट अरुंद असते. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, पण इथे कोणी फसवून पिन काढून घेतला नव्हता. मुलाने स्वतः पिन टाकून पैसे भरले होते. खातेदाराच्याच घरातून व्यवहार झाल्यावर बँकेकडून भरपाईची अपेक्षा ठेवता येत नाही. ॲपच्या वॉलेटमध्ये न खेळलेली शिल्लक असेल, तेवढी काढता येते. या घरात ती 340 रुपये निघाली. ॲप हटवण्याआधी शिल्लक काढणे आणि व्यवहारांचा इतिहास उतरवून ठेवणे महत्त्वाचे असते, कारण खाते बंद झाल्यावर दोन्ही हाताला लागत नाहीत.

बापाने त्याच दिवशी खात्याचा मोबाइल नंबर बदलून स्वतःचा दिला, जुने डेबिट कार्ड बंद केले आणि मुलाच्या फोनवरचे यूपीआय काढायला लावले. शिकवणीने फी तीन हप्त्यांत घ्यायचे कबूल केले. पहिला हप्ता बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून भरला, आणि त्याची महिन्याची परतफेड मुलाच्या पगारातून ठरली. मुलगा रात्री झोपत नव्हता आणि विषय निघाला की चिडत होता. पैशांच्या खेळाची अशी ओढ जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आजार म्हणून नोंदलेली आहे. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर त्यासाठी मराठीतही बोलता येते. तिथून त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वाट मिळाली.