शीर्षक एक, व्हिडिओ दुसरा: निर्मात्याला कसं कळवावं

2021च्या अखेरीस भूमी अभिलेख विभागाचा एक निर्णय बातम्यांत आला होता. ज्या शहरी भागात सिटी सर्व्हे, म्हणजे नगर भूमापन, पूर्ण होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तिथे त्याच जमिनीचा सातबारा बंद करायचा, असा तो निर्णय. एकाच जमिनीचे दोन अभिलेख राहिले की फसवणुकीला वाव मिळतो, हे त्यामागचं कारण. शेतजमिनीच्या सातबाऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.

आता समजा, यूट्यूबवर याच विषयाचा एक व्हिडिओ आपल्यासमोर येतो आणि त्याचं शीर्षक आहे: ‘सातबारा कायमचा बंद! शेतकऱ्यांनो, लगेच पाहा’. आपण पाहता. माहिती बरोबर आहे, मांडणीही नीट आहे, पण हे फक्त शहरी जमिनींसाठी आहे हे वाक्य सहाव्या मिनिटानंतर येतं. गावातला एखादा म्हातारा माणूस नुसतं शीर्षक वाचून तलाठ्याकडे धावेल. निर्मात्याला हे सांगायला हवं, आणि तो ऐकेल असं सांगायला हवं.

सुरुवात व्हिडिओ शेवटपर्यंत पाहण्यापासून. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दोन मिनिटं पाहून ‘शीर्षकातलं यात काहीच नाही’ असं लिहिलं, आणि ते पुढे असलं, की आपलं बाकीचं म्हणणंही वाया जातं. खालचं वर्णनही उघडून वाचा. कधी कधी खुलासा तिथे दिलेला असतो.

मग विसंगती नेमकी कोणती ते ठरवा. शीर्षकात सांगितलेली गोष्ट व्हिडिओत मुळीच नसणं वेगळं, आणि ती असूनही तिची अट गाळलेली असणं वेगळं. आपल्या उदाहरणात अट गाळली आहे: ‘बंद’ खरं आहे, ‘शहरातला’ हा शब्द गेला आहे. तिसरा प्रकार जुन्या बातमीचा, म्हणजे निर्णय कधीचा आणि शीर्षकाचा सूर आजचा. प्रकार कळला की काय सुचवायचं तेही आपोआप कळतं. अट गाळलेली असेल तर निर्मात्याला खोटारडा म्हणण्याचं कारणच उरत नाही, कारण खरी माहिती त्यानेच दिलेली असते.

लिहिण्याआधी आणखी एक तपासणी करा. काही व्हिडिओंची शीर्षकं पाहणाऱ्याच्या भाषेत भाषांतर होऊन दिसतात. मूळ हिंदी शीर्षक नीट असून आपल्याला दिसणारं मराठी भाषांतर बिघडलेलं असू शकतं. शीर्षकाची भाषा आणि बोलणाऱ्याची भाषा वेगळी असेल, तर हा संशय आधी घ्या. तसंच थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र, शीर्षकाहून वेगळं असतं. त्यावरची अक्षरं बदलायला नवं चित्र करावं लागतं, तर शीर्षक बदलणं काही क्षणांचं काम आहे. तक्रार कोणत्या एकाची आहे ते स्पष्ट लिहा. अनेकदा दोन्ही संकलन करणाऱ्याने किंवा मदतनिसाने केलेलं असतं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘तुम्ही मुद्दाम केलंत’ असं कधीच लिहू नये.

आता पुरावा टिपा: शीर्षक जसंच्या तसं, आणि खुलासा येतो ती वेळ. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियेत 6:40 असं लिहिलं की यूट्यूब त्याचा दुवा करतं आणि वाचणारा दाबून थेट त्या जागी पोहोचतो. एवढ्याने वाद निम्मा मिटतो, कारण बोलणं आपलं न राहता निर्मात्याचंच होतं. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा मात्र चिकटवू नये. दुवे असलेल्या प्रतिक्रिया पुष्कळदा तपासणीसाठी अडकतात आणि निर्मात्याने मंजूर केल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. महाभूलेखचा उल्लेख करायचा तर नुसतं नाव पुरे.

मजकूर लिहिताना निर्मात्याची अडचण ध्यानात ठेवा. शीर्षक आणि चित्र जितक्यांना दिसलं, त्यांपैकी किती जणांनी ते दाबलं, हे प्रमाण तो रोज पाहत असतो. यूट्यूबच्याच माहितीनुसार, निम्म्या वाहिन्यांचं हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे अशा वाहिन्यांवर दर शंभरातले नव्वद किंवा त्याहून जास्त लोक पुढे निघून जातात. ‘शीर्षक साधं ठेवा’ हा सल्ला त्याला प्रेक्षक घालवा असा ऐकू येतो. म्हणून सोबत पर्यायी शीर्षक द्या, आणि ते उत्सुकता राखणारं हवं. लोक ज्या शब्दाने शोधतात तो शब्द, इथे ‘सातबारा’, त्यात राहू द्या. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, तेव्हा गाळलेली अट पहिल्या काही शब्दांतच आणा.

या सगळ्याचा मिळून मजकूर असा होईल:

‘नमस्कार. मिळकत पत्रिका आणि सातबारा यांतला फरक आपण उदाहरण देऊन सांगितलात, तो नीट समजला. एक विनंती आहे. शीर्षकात “सातबारा कायमचा बंद” आणि “शेतकऱ्यांनो” असं आहे. 6:40 ला मात्र आपणच सांगता की हे सिटी सर्व्हे झालेल्या शहरी जमिनींपुरतं आहे आणि शेतीचा सातबारा चालू राहणार आहे. नुसतं शीर्षक वाचणाऱ्याला आपल्या शेताचाच उतारा बंद झाला असं वाटेल. “शहरातल्या कोणत्या जमिनींचा सातबारा बंद होणार?” असं शीर्षक चालेल का?’

यातलं कौतुक नेमकं आहे. ‘छान व्हिडिओ, पण...’ अशी सुरुवात वाचणाऱ्याला तोंडदेखली वाटते. खरंच काही आवडलं नसेल तर ते वाक्य सरळ गाळा, नमस्कार पुरेसा आहे. ‘क्लिकबेट’ हा शब्दही मी जाणून टाळला आहे. तो आला की निर्माता स्वतःचा बचाव करू लागतो आणि 6:40 बाजूला राहतं. छोट्या वाहिनीला हाच मजकूर ईमेलने पाठवलेला बरा. पत्ता बहुधा वाहिनीच्या माहितीत असतो. पण बातमी ताजी असेल आणि लोक घाबरत असतील तर उघडपणेच लिहा, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही खुलासा मिळतो.

उत्तर ‘सगळेच असं करतात’ असं आलं, तर एकदाच शांतपणे सांगा: शेतकरी म्हणून आलेला प्रेक्षक 6:40 ला फसवलं गेल्याच्या भावनेने उठून जाईल, आणि व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला हेही यूट्यूब मोजतं. त्यापुढे वाद नको आणि मित्रांना बोलावून तेच लिहायला लावणंही नको. निर्माता मग सगळ्यांचंच लिहिणं काढून टाकतो.

शीर्षकातली गोष्ट व्हिडिओत मुळीच नसेल, तर यूट्यूबकडे तक्रार करण्याची सोय आहे. फसवी शीर्षकं आणि चित्रं त्यांच्या नियमांत बसत नाहीत, आणि डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबने भारतात अशा शीर्षकांवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, कडक होण्याचं जाहीर केलं. अट गाळलेल्या शीर्षकावर मात्र या वाटेने फारसं काही होण्याची आशा धरू नये. तिथे निर्मात्याशी बोलणंच उपयोगी.

आणि शीर्षक बदललं, तर आपल्या मजकुरात ‘शीर्षक आता बदललं आहे, आभार’ अशी भर घाला. नाहीतर उद्या येणाऱ्याला नव्या शीर्षकाखाली आपली जुनी तक्रार दिसेल आणि निर्मात्यावर विनाकारण ठपका राहील.