मिनिटभरात आपली गोष्ट

मैत्रिणींनो, रेडिओसाठी गोष्ट लिहायला बसलं की माजरीच्या आमच्या गटातल्या बायका लग्नापासून सुरुवात करतात आणि मिनिट तिथंच संपतं. सावकाश बोललं तर मिनिटात साधारण १००-१२० शब्द बसतात. म्हणून आम्ही तीन भाग करतो: सुरुवात १५ सेकंद, पडता काळ ३०, शिकवण १५.

साताऱ्याकडच्या म्हसवडची माणदेशी बँक घ्या. सुरुवात: गावातल्या बायकांना बचतीसाठी स्वतःची बँक हवी होती. पडता काळ: सभासद अंगठा लावणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. हा एकच प्रसंग नीट सांगायचा, सगळी दुःखं मोजायची नाहीत. शिकवण: त्या लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. १९९७ साली बँक सुरू झाली.

शिकवण म्हणजे 'हिंमत ठेवा' नव्हे, तर पडल्यावर आपण वेगळं काय केलं ते. लिहून झालं की मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं वाचा. मिनिट ओलांडलं तर सुरुवातीतलं कापा, शिकवणीला हात लावू नका.