ढाब्यावरचं गिऱ्हाईक कोणत्या चौकटीत?

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, वाशी तालुक्यातलं हे गाव त्याच धंद्यासाठी ओळखलं जातं. मी मात्र तिथं गेलो होतो मसाल्यासाठी. माझ्या मित्राच्या बायकोनं पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या तिखटाचा कारखाना टाकला आहे. दोन मोठ्या कढया, एक मिरची कांडप, एक पल्व्हरायझर, पाकिटाला सील मारायचं मशीन आणि सात बायका. महिन्याला अडीचशे किलो माल निघतो. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण धंदा वाढवायचा कुठल्या बाजूनं, हे वहिनींना ठरवता येत नव्हतं.

मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर चार चौकटी काढल्या. आडवा माल, जुना आणि नवा. उभा बाजार, जुना आणि नवा. ही आखणी इगोर अॅन्सॉफची. व्लादिवोस्तोकात जन्मलेला हा माणूस पुढं अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीत होता. १९५७ साली त्यानं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हा विचार मांडला. जुना माल जुन्या बाजारात जास्त खपवणं, जुना माल नव्या बाजारात नेणं, जुन्या बाजाराला नवा माल देणं, आणि माल-बाजार दोन्ही नवे, असे चार मार्ग. पहिले तीन मार्ग आहे त्याच हातांवर, पैशांवर आणि विक्रीवर चालू शकतात. चौथ्याला बहुधा सगळंच नवं शिकावं लागतं.

वहिनींनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि भराभर नावं लिहिली. नव्या बाजारात पुणं. त्याच खान्यात हायवेवरचे ढाबे. नव्या मालात येसूर. चौथी चौकट रिकामी ठेवली. म्हणाल्या, "भावजी, एवढी उडी आपल्याला नको."

उडी नको म्हणता म्हणता ती घेतलेली होती, फक्त चौकट चुकली होती.

आधी पुण्याचं बघू. तिथं माल कसा जातो, तर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, किलोकिलोच्या पिशव्यांत. घेणारी माणसं इकडचीच, नोकरीसाठी तिकडं गेलेली. ती काळं तिखट आमटीत, शेंगदाण्याच्या कालवणात, रविवारी मटणात घालतात, म्हणजे आईनं जिथं घातलं असतं तिथंच. अॅन्सॉफच्या मूळ लेखात बाजार म्हणजे नकाशावरची जागा नाही. माल कोणतं काम करायला घेतला जातो, त्यावर तो बाजार ठरवतो. त्या हिशेबानं हे पुणं जुन्याच बाजारात येतं. पुण्याचा खरा प्रश्न खोबऱ्याचा निघाला. भाजलेल्या खोबऱ्याचं तेल डिकीच्या उन्हात सुटतं, आणि सील मारताना तोंडाशी पूड राहिली असेल तर त्याच फटीतून पाझरतं. वहिनींची परीक्षा सोपी आहे. दर घाण्यातली पाच पाकिटं बादलीतल्या पाण्यात दाबायची आणि बुडबुडा आला की तेवढी खेप परत सील करायची. तेलाचा डाग मात्र दुसऱ्या दिवशीच दिसतो, म्हणून पाकिटं रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवतात.

ढाबा दोन किलोमीटरवर. इतका जवळ, की वहिनींना तो नवा बाजार म्हणतानासुद्धा हसू येत होतं. आम्ही दोन किलो तिखट घेऊन गेलो. आचाऱ्यानं तापल्या तेलात मूठभर टाकलं. काळं तिखट आधीच भाजलेलं, त्यात खोबरं. ते तळाशी लागलं आणि कढईतून करपट वास आला. त्याला हवी होती लाल तर्री, आमचा मसाला रस्सा काळा करणारा. शिवाय वाटणात खोबरं तो स्वतःच घालतो, मग मसाल्यातल्या खोबऱ्याचे पैसे त्यानं का द्यावेत? त्याला चालणारा मसाला करायचा तर खोबरं काढायचं, रंगाला बेडगी वाढवायची, तिखटपणाला तेजा घालायची आणि भाजणी हलकी करायची. म्हणजे माल नवा झाला. आणि घेणारा? दोनशे ग्रॅमचं पाकीट रोखीनं नेणारी बाई नव्हे, तर पाच किलोची पिशवी नेऊन दीड महिन्यानं पैसे देणारा माणूस. बाजारही नवा. दोन किलोमीटरवरचा ढाबा चौथ्या चौकटीत बसला होता.

मग उधारीचा हिशेब मांडला. दहा ढाबे, प्रत्येकी महिन्याला दहा किलो, तीनशे ऐंशी रुपये भाव: महिन्याचे अडतीस हजार, दीड महिन्याच्या उधारीवर सत्तावन्न हजार कायम बाहेर. वहिनींच्या मसाल्यात साधारण चाळीस टक्के मिरची असते, म्हणजे वर्षाला बाराशे किलो. ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नवा माल येतो तेव्हाच एकरकमी घ्यावी लागते. दोनशे रुपये भाव धरला तर दोन लाख चाळीस हजार. जवळजवळ चौथाई मिरचीचे पैसे ढाब्यांच्या वहीत अडकले असते. तेवढी मिरची पावसाळ्यात चढ्या भावानं आणि ओलसर घ्यावी लागते. ओली मिरची म्हणजे बुरशी. वहिनी मूठ आवळून बघतात: मिरची कुडकुडली तर चांगली, गुपचूप दबली तर परत.

ढाब्याला जाऊच नये, असं नाही. पण जायचं तर वेगळ्या पैशानं, आणि 'आपला तोच मसाला' म्हणत नाही.

पहिल्या चौकटीत मी जास्त विक्रीची आशा ठेवली होती. तिथली गोष्ट वेगळी निघाली. आसपासच्या घरांत एप्रिल-मेमध्ये वर्षाचं तिखट कांडून ठेवतात. त्यामुळे वहिनींची स्पर्धा दुसऱ्या पाकिटाशी नाही, घरातल्या बरणीशी आहे, आणि ती बरणी रिकामी होते दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात कितीही जाहिरात करा, बाई हसून पुढं जाते. म्हणून उन्हाळ्यात कमी माल करायचा, एवढंच त्या चौकटीतून हाती लागलं.

उरला येसूर. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजून मसाल्याबरोबर दळलेली ही पूड आमटीला दाटपणा आणते. दुकान तेच, बाई तीच, भाजणारे हात तेच. त्यात खोबरं नाही, म्हणजे खवटपणाची भीती कमी. अडचणी आहेत, पण ओळखीच्या. धान्य कच्चं राहिलं की अळी पडते. म्हणून दाणा दाताखाली फोडून आत पांढरा दिसतो का ते बघतात. मिरचीनंतर पल्व्हरायझर साफ करायला तास जातो, म्हणून आधी येसूर दळायचा, मग मिरची. गहू असल्यानं पाकिटावर ग्लुटेनची सूचना छापावी लागते, पहिल्या छपाईत ती राहून गेली होती. पुण्याचे प्रवीण मसालेवाले १९६२ पासून या धंद्यात आहेत आणि त्यांच्या 'सुहाना' नावाखाली एकेका भाजीचा वेगळा मसाला मिळतो. हीही तीच चौकट: स्वयंपाकघर तेच, डबे वाढत गेले.

वहिनींनी ढाब्याचं नाव खोडलं आणि चौथ्या खान्यात लिहिलं. शेजारी पेन्सिलनं तीन शब्द टाकले, 'मिरची भरल्यावर बघू'. तेवढ्यात फोन वाजला. तोच ढाबेवाला होता, दहा किलो हवं म्हणत होता.

"देते की," वहिनी म्हणाल्या. "काळंच मिळंल, आणि पैसे आधी."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि ज्वारी भाजायला कढई चढवायला सांगितली.