गालिच्यावर चहा सांडला, तर विक्रेत्याला काय लिहाल?

घरातली वस्त्रे : लेखांक ७

मागच्या आठवड्यात गालिच्याची झाडझूड पाहिली, आज डागांकडे वळू. लोकरीच्या गालिच्यावर काही सांडले, तर तो जिथून घेतला त्या विक्रेत्याला विचारणे उत्तम. पण ‘डाग पडलाय, काय करू?’ एवढ्यावरून त्याला काहीच सांगता येणार नाही. काय सांडले, आपण त्यावर काय लावले आणि गालिचा मागून कसा दिसतो, हे त्याला कळायला हवे. पत्र साधारण असे असावे :

‘स. न. वि. वि.

आपल्याकडून घेतलेल्या भदोहीच्या तांबड्या-मोतिया गालिच्यावर आज सकाळी दुधाचा, साखर घातलेला चहा सांडला. डाग मोतिया भागावर, तळहाताएवढा आहे. लगेच पांढऱ्या सुती कापडाने टिपून घेतला, घासला नाही. मग गार पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने कडेकडून आत टिपत गेले. साबण, सोडा काही लावलेले नाही. आता फिकट तपकिरी कड उरली आहे. मागून गाठी दिसतात, कापड चिकटवलेले नाही. तांबड्या भागावर ओले पांढरे कापड मिनिटभर दाबले, तर ते गुलाबी झाले. यावर व्हिनेगरचे पाणी चालेल का? की धुलाईलाच द्यावा?’

या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे ते गुलाबी झालेले कापड. तांबडा रंग सुटतो आहे. जास्त पाणी पडले तर तो मोतिया भागात उतरेल आणि चहाच्या डागापेक्षा मोठे नुकसान होईल. त्यामुळे इथे घरगुती उपाय थांबवून जाणत्या धुलाईवाल्याकडे देणेच योग्य. कापड पांढरेच राहिले असते, तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग गार पाणी यांत कापड पिळून टिपायला हरकत नव्हती.

सोडा लावला नाही, हे लिहिणेही महत्त्वाचे. लोकर आपल्या केसांसारखीच प्रथिनांची असते. सोड्याने ती पिवळी आणि कमजोर पडते, क्लोरीनच्या ब्लीचने तर विरघळते. कपड्यांच्या काही पावडरींत प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात, तीही नकोत. गरम पाण्याने दूध धाग्यात बसते.

मागची बाजू का सांगायची? मागे कापड चिकटवलेले असेल, तर लोकरीचे धागे डिंकासारख्या लॅटेक्सवर टिकलेले असतात. तो गालिचा चिंब भिजला की ते कापड सुटू लागते. त्याला गाठींच्या गालिच्याहून कमी पाणी सोसते.

टिपून झाल्यावर डागावर कोरड्या पांढऱ्या टॉवेलची घडी ठेवून वर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. खोल मुरलेला चहा वाळताना टोकांकडे चढतो, तो टॉवेलमध्ये उतरतो. तरीही सकाळी डाग पुन्हा दिसला किंवा आंबट वास आला, तर मुळाशी दूध उरले आहे. तेही विक्रेत्याला कळवा, आणि दिवसाच्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडा.