इक्विटी कर्व्ह आणि ड्रॉडाउन आलेख

'''इक्विटी कर्व्ह''' म्हणजे गुंतवणूक किंवा व्यापार खात्याचे एकूण मूल्य काळानुसार दाखवणारा आलेख. खात्याने गाठलेल्या आजवरच्या सर्वोच्च मूल्यापासून सध्याचे मूल्य किती टक्के खाली आहे, या मापाला '''ड्रॉडाउन''' म्हणतात. नियमबद्ध व्यवहार करणारी आज्ञावली वापरली जाते, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर हे दोन्ही आलेख डॅशबोर्डवर अद्ययावत होतात. पहिला आलेख कमाई दाखवतो, दुसरा त्या कमाईसाठी सोसावी लागलेली घट दाखवतो. दोन्ही एकाच कालरेषेवर, एकाखाली एक काढण्याची पद्धत आहे.

== हळदीच्या वायद्याचे उदाहरण ==
सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असून सातारा व सांगली जिल्ह्यांत हळदीचे पीक घेतले जाते. हळदीचे वायदे एनसीडीईएक्स या बाजारमंचावर होतात. तेथे भाव प्रतिक्विंटल सांगितला जातो आणि एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा असतो. पुढील भाव व रकमा केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत.

समजा, खात्यात ₹ ५,००,००० आहेत आणि आज्ञावलीने ₹ १३,४०० भावाने दोन लॉट, म्हणजे १०० क्विंटल हळद खरेदी केली. भाव ₹ १४,००० झाला की खात्याचे मूल्य ₹ ५,६०,००० होते. हा उच्चांक होय. पुढे भाव ₹ १३,१६० पर्यंत उतरला, तर मूल्य ₹ ४,७६,००० उरते. उच्चांकापासूनची घट ₹ ८४,००० आहे, म्हणून ड्रॉडाउन १५ टक्के. हळदीचा भाव मात्र केवळ ६ टक्क्यांनी उतरला होता. उच्चांकाच्या वेळी ₹ ५.६ लाखांच्या खात्यावर ₹ १४ लाखांचा माल धरलेला असल्याने घट अडीचपट झाली.

केवळ पूर्ण झालेल्या सौद्यांचा नफा-तोटा मोजणारा डॅशबोर्ड या संपूर्ण काळात ₹ ५,००,००० वर सरळ रेषा दाखवेल, कारण सौदा अजून उघडाच आहे. म्हणून प्रत्येक फेरीत उघड्या सौद्यांचेही मूल्य त्या दिवसाच्या समझोता भावाने धरावे लागते. हा भाव बाजारमंचाने जाहीर केलेलाच हवा. सांगलीच्या बाजार समितीत राजापुरी हळदीला मिळालेला लिलावाचा भाव येथे चालत नाही. TMCFGRNZM या करारचिन्हातील NZM हे निजामाबादचे निदर्शक आहे, आणि दोन्ही ठिकाणच्या भावांत फरक असू शकतो.

== नवी रक्कम भरल्यास ==
घसरणीच्या तळाशी खातेदाराने उसाच्या बिलातून ₹ १,००,००० भरले, असे मानू. मूल्य ₹ ५,७६,००० होते, आलेख नवा उच्चांक दाखवतो आणि ड्रॉडाउन शून्यावर येतो. नियमाने एक रुपयाही परत मिळवलेला नसतो. घसरण लपवण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि तो बहुधा नकळत अवलंबला जातो.

यावर उपाय म्युच्युअल फंडांच्या युनिट पद्धतीचा आहे. आरंभी ₹ १०० दराने ५,००० युनिट मानल्यास उच्चांकाला युनिटमूल्य ₹ ११२ आणि तळाला ₹ ९५.२० येते. नव्या रकमेमुळे सुमारे १,०५० युनिट वाढतात, पण युनिटमूल्य ₹ ९५.२० च राहते आणि ड्रॉडाउन १५ टक्केच दिसतो. तो भरून निघण्यासाठी युनिटमूल्य सुमारे १७.६ टक्के वाढावे लागेल. रक्कम काढून घेतानाही याच रीतीने युनिट कमी केले जातात.

== प्रत्येक फेरीनंतरची नोंद ==
दैनिक आलेखासाठी समझोता भाव जाहीर झाल्यावर आज्ञावली चालते व तक्त्यात त्या दिवसाची एक ओळ लिहिते. तारीख ही ओळीची एकमेव ओळख ठेवली, तर फेरी दुसऱ्यांदा चालल्यास जुनी ओळ बदलते, नवी वाढत नाही. त्यानंतर संपूर्ण तक्त्यावरून, ओळी तारखेच्या क्रमाने लावून, गणना होते :

```python
df["peak"] = df["nav"].cummax()
df["drawdown"] = df["nav"] / df["peak"] - 1
```

येथे `nav` म्हणजे युनिटमूल्य. पडद्यावर शेवटचे ९० दिवसच दाखवायचे असले, तरी उच्चांक पूर्ण इतिहासातून घ्यावा लागतो. आधी काटछाट करून मग गणना केल्यास जुना उच्चांक खिडकीबाहेर जातो आणि मोठी घसरण आपोआप लहान दिसू लागते.

भाव मिळाला नाही तर तेथे शून्य लिहू नये. जागा रिकामी सोडावी, अन्यथा आलेख एका दिवसात कोसळलेला दिसतो. कालचाच भाव पुन्हा वापरला गेल्यास रेषा सपाट होते, आणि हा दोष ओळखणे अधिक कठीण असते. एका वायद्यातून पुढील महिन्याच्या वायद्यात जाताना दोन करारांच्या भावांतील फरक नफा म्हणून धरला गेल्यास खोटी उडी येते. ₹ ४०० चा फरक १०० क्विंटलवर ₹ ४०,००० होतो. असे दोष पकडण्यासाठी फलकावरील खातेमूल्य दलालाच्या खातेउताऱ्याशी दररोज ताडून पाहतात.

दिवसाअखेरच्या नोंदींतून दिवसभरातील तळ मात्र दिसत नाही. दुपारी भाव बराच खाली जाऊन सायंकाळी सावरला, तर आलेखावर त्याची खूण राहत नाही, जरी त्या दरम्यान अतिरिक्त मार्जिनची मागणी आलेली असू शकते.