पत्र्याच्या मध्यावर २५ अंश

तांब्याचा एक चौरस पत्रा घ्या. त्याच्या तीन कडा बर्फात, म्हणजे ० अंशावर ठेवा आणि वरची चौथी कड वाफेच्या आधाराने १०० अंशावर. दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांतून उष्णता निसटू द्यायची नाही. काही वेळाने तापमानांचं बदलणं थांबतं. तेव्हा पत्र्याच्या बरोबर मध्यावर किती अंश असतील?

हे एक कोडं गणिताशिवाय सुटतं. चारही कडा १०० अंशांवर असत्या, तर मध्यही १०० अंशांवरच असता. मध्यबिंदू चारही कडांना सारखाच, तेव्हा प्रत्येक कडेचा वाटा २५ अंश. पत्रा तांब्याऐवजी लोखंडाचा असला तरी उत्तर हेच. धातू बदलला की तिथवर पोचायला लागणारा वेळ तेवढा बदलतो.

मध्य सोडून दुसरा बिंदू घेतला की ही युक्ती चालत नाही. तिथे जोसेफ फूरिए यांची रीत लागते. १८०७ साली त्यांनी ती मांडली, तेव्हा लाग्रांजसारख्या दिग्गजाला ती पटली नव्हती. १८२२च्या त्यांच्या ग्रंथातही एक कड तापलेली आणि बाजू बर्फात असलेला पत्रा आहे.

स्थिर अवस्थेत कुठल्याही बिंदूचं तापमान त्याच्याभोवतीच्या छोट्या वर्तुळावरच्या तापमानांची सरासरी असतं. फूरिए यांनी आडव्या आणि उभ्या दिशेचा हिशेब वेगळा केला: तापमान म्हणजे फक्त x वर अवलंबून असलेली एक राशी गुणिले फक्त y वर अवलंबून असलेली दुसरी. डावी-उजवी कड शून्यावर असल्याने आडव्या दिशेला साइनच्या लाटा बसतात. उभ्या दिशेला त्या लाटेची उंची गरम कडेपासून खाली झपाट्याने घटते, आणि लाट जितकी आखूड तितकी लवकर विरते. वरच्या कडेवर सगळ्या लाटांची बेरीज १०० व्हावी, एवढी एकच अट उरते. बाजूची लांबी L आणि y खालून मोजला, तर:

T = (400/π) Σ (1/n) sin(nπx/L) sinh(nπy/L) / sinh(nπ), n = 1, 3, 5, …

आता मध्यावर पडताळून पाहू. पहिली लाट २५.३७ अंश देते. दुसरी (n = ३) गरम कडेवर पहिलीच्या एक-तृतीयांश असते, पण मध्यापर्यंत येताना इतकी मरते की ०.३८ अंशच वजा करते: २४.९९. तिसरी ०.०१ मिळवते, आणि २५ हाती येतात. अवघ्या तीन पदांत!

गरम कडेजवळ मात्र सावध राहावं लागतं. वरच्या दोन कोपऱ्यांत १०० आणि ० एकमेकांना भिडतात. खऱ्या पत्र्यात अशी उडी नसतेच, तिथे तापमान थोड्या अंतरात उतरतं. पण साइनची बेरीज या उडीपाशी अडखळते. कितीही पदं घेतली तरी कडेवर, कोपऱ्यालगत, सुमारे ११८ अंशांचा उंचवटा राहतो. पदं वाढवली की तो कोपऱ्याकडे सरकतो, बुटका होत नाही. पत्र्यात कुठेही १०० पेक्षा जास्त तापमान असूच शकत नाही. आलेखात ११८ दिसले, तर ती चूक पत्र्याची नव्हे, मध्येच तोडलेल्या बेरजेची आहे.