फसलेल्या कामाची कैफियत

जुन्या फॉन्टांतील दप्तर युनिकोडमध्ये आणण्याचे आमचे एक काम फसले, याचे कारण असे की, चाचणीचा नमुना एकाच फॉन्टचा होता, दप्तरात मात्र अनेक फॉन्टांचा मजकूर मिसळलेला असून एकाच संकेतांकाला प्रत्येकात निराळे अक्षर नेमलेले होते; परिणामी जोडाक्षरे आणि रफार विस्कटले. असा अनुभव जाहीरपणे लिहिताना वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी, ग्राहकाचे नाव, रकमा, तारखा आणि सहकाऱ्यांचे उल्लेख गाळावेत. परंतु कारणाचा तपशील कदापि गाळू नये, कारण ‘समन्वय कमी पडला’ अशा मोघम वाक्यावर जाणता वाचक विश्वास ठेवीत नाही. ‘प्रत्येक फॉन्टचा स्वतंत्र नमुना आधी तपासा’ हे वाक्य मात्र तो आपल्या कामात वापरून पाहू शकतो.